शेअर सर्टिफिकेट देईना सोसायटी, निबंधकांकडं तक्रार करूनपण काही होईना. मदत हवी आहे

रंकाळ्याचा_वारा:
गेल्या जूनमध्ये फ्लॅट घेतला, रजिस्ट्री झाली, पैसे पूर्ण दिले, मेंटेनन्सपण मीच भरतोय. सेक्रेटरीला शेअर सर्टिफिकेट मागितलं की "बघू, कमिटीत ठेवतो" एवढंच. आता म्हणतोय ७५ हजार डोनेशन द्या मग बघू. दोन महिन्यांपूर्वी निबंधक ऑफिसला तक्रार दिली तर तिकडनं पत्र आलंय की सभासदत्वाच्या अर्जाची पोच जोडा. अरे माझी तक्रार सर्टिफिकेटची आहे, सभासदत्वाची कुठाय! लवकर सांगा, बँकवाला रोज फोन करतोय.

शेअरखान_नव्हे:
डीमॅट खातं उघडा. कागदी शेअर आता चालत नाहीत, माझ्या वडिलांचे असेच अडकले होते.

रंकाळ्याचा_वारा:
ओ दादा, कंपनीचे शेअर नव्हेत, फ्लॅटचं आहे.

पेठेतला_पैलवान:
आधी सांगा, सोसायटीच आहे ना? आपल्याकडं निम्म्या बिल्डिंगा डिक्लेरेशन केलेल्या अपार्टमेंट असतात, लोक त्यालाच सोसायटी म्हणतात. तिथं शेअर सर्टिफिकेट नसतंच, अपार्टमेंट डीड असतं. आमच्या मेव्हण्यानं त्यापायी वर्ष घालवलं.

रंकाळ्याचा_वारा:
सोसायटीच आहे, पावतीवर रजिस्टर नंबर आहे. फ्लॅट रिसेलचा आहे, पहिला मालक पुण्याला गेला.

जुना_खजिनदार:
हे रिसेलचं पहिल्याच ओळीत लिहायचं हो. रिसेलला नवीन सर्टिफिकेट निघत नाही, जुन्याच्या पाठीमागं तुमच्या नावाची नोंद करून सह्या-शिक्का मारतात. म्हणजे सोसायटी सर्टिफिकेट अडवत नाही, ट्रान्सफर अडवतेय. आणि ट्रान्सफरला विकणाऱ्याचा आणि तुमचा असे दोन्ही अर्ज लागतात, सोबत मूळ सर्टिफिकेट. मी अकरा वर्षं दप्तर सांभाळलंय. लेखी अर्ज दिला होता का?

रंकाळ्याचा_वारा:
रजिस्ट्रीची झेरॉक्स सेक्रेटरीच्या हातात दिली होती. अर्ज वगैरे कुणी सांगितलंच नाही. मूळ सर्टिफिकेट जुन्या मालकाकडं असेल बहुतेक.

जुना_खजिनदार:
मग ऑफिसनं बरोबर विचारलंय. अर्जच नाही तर सोसायटीनं नाकारलं काय? आता रीतसर अर्ज द्या, जुन्या मालकाची सही घ्या, पोच घ्या. तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम २२(२) प्रमाणे तुम्ही सभासद मानले जाता, पण ते मानीव सभासदत्व निबंधकांकडून ठरवून घ्यावं लागतं, आपोआप हातात काही पडत नाही. लेखी नकार आला तर दोन महिन्यांत अपील करा.

कायद्याचं_बोला:
कशाला एवढं, सरळ ग्राहक मंचात जावा. आणि ७५ हजार कुठनं आले? ट्रान्सफरचा प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, २००१ चा सरकारी आदेश आहे.

जुना_खजिनदार:
२५ हजार महापालिका हद्दीत. ग्रामपंचायत असेल तर ५ हजार. फ्लॅट नक्की कुठाय?

रंकाळ्याचा_वारा:
पाचगावात. पण सगळे कोल्हापूरच म्हणतात ना.

पेठेतला_पैलवान:
बघा! ग्रामपंचायत. आणि तक्रार कुठल्या ऑफिसला दिलीस भावा? शहराचं वेगळं, करवीर तालुक्याचं वेगळं.

रंकाळ्याचा_वारा:
शहराच्या. 🤦

गृहिणी_पाचगाव:
आमच्या इथं पण पाणी दिवसाआड येतंय, त्याची तक्रार कुठं करायची कुणी सांगेल का? टँकरचे पैसे मात्र दर महिन्याला घेतात.

कायद्याचं_बोला:
ताई वेगळा धागा काढा. खजिनदार, सेक्रेटरी अर्जच घेईना तर?

जुना_खजिनदार:
स्पीड पोस्टानं पाठवा. परत आलेलं पाकीट फोडू नका, पोस्टमननं लिहिलेला "घेण्यास नकार" हा शेरा हाच पुरावा. मग कलम २३(१अ) खाली अर्ज आणि फी थेट निबंधकांकडं भरायची. ते ३० दिवसांत सोसायटीला पाठवतात, पुढच्या ६० दिवसांत सोसायटी गप्प राहिली तरी सभासद मानलं जातं. ग्राहक मंचाचं मी अजून कुणाचं झालेलं बघितलं नाही.

कायद्याचं_बोला:
तुम्ही बघितलं नाही म्हणजे होत नाही असं नाही.

रंकाळ्याचा_वारा:
जुन्या मालकाशी बोललो. सर्टिफिकेट सापडलं, लॅमिनेशन करून ठेवलंय म्हणे! आणि त्याची ३८ हजार थकबाकी आहे, ती आत्ता कळली. ती मी भरायची का?

जुना_खजिनदार:
लॅमिनेशन काढून घ्या, पाठीमागं नोंद कुठं करणार. थकबाकी मात्र खरी असेल तर सोसायटी त्यावर ट्रान्सफर अडवू शकते, ते डोनेशनसारखं नाही. महिनावार हिशोब लेखी मागा.

पेठेतला_पैलवान:
भरू नको भावा, मालकाच्या गळ्यात घाल. रजिस्ट्रीत 'कोणतीही देणी नाहीत' असं त्यानं लिहून दिलं असेल की.

कायद्याचं_बोला:
भरा, पावतीवर 'हक्क राखून' लिहून घ्या, मग मालकाकडून वसूल करा. बँक थांबणार नाही.

रंकाळ्याचा_वारा:
रजिस्ट्री काढून बघतो. मालक पुण्याहून शनिवारी येतोय, सहीचा अर्ज कुणाकडं तयार असेल तर फोटो टाका प्लीज.