मदत हवी आहे: पगाराइतकं मिळवायला तासाचा दर किती लावू?

कोरी_चौकट
डिझायनर आहे. नोकरी सोडून पाच महिने झाले. पगाराइतकं मिळालं तरी पुरे, एवढंच म्हणणं आहे. खरा आकडा इथे टाकत नाही, महिन्याचा पगार १००० होता असं धरा. १६० तासांनी भागलं, ६.२५ आले, तोच दर लावला. दिवसभर खुर्चीतून हलत नाही, तरी महिन्याला सहाशेच्या आसपासच जमतात. कुठे चुकतंय? दर किती हवा तेवढं सांगा, प्लीज. उद्या एकाला कोटेशन द्यायचंय.

शाईचा_डाग
तासाचा दर लावणं हीच मुळात चूक. कामाचे पैसे घ्या, वेळेचे नाही. मी लोगो दोन तासांत करतो. तासावर गेलो तर हात बसल्याची शिक्षा मलाच.

मापट्या
सोपं आहे. नोकरीतला तासाचा दर काढा आणि दुप्पट करा. आम्ही सगळे असंच करतो. १२.५ लावा, विषय संपला.

हिशेबी
थांबा जरा. ताई, आधी तीन गोष्टी सांगा. १००० हे हातात येणारे की कर कापायच्या आधीचे? कंपनी याशिवाय काय भरत होती? आणि बिल किती तासांचं लावता? तिसऱ्याचा अंदाज तुमच्याच आकड्यांवरून येतो. ६.२५ ने सहाशे म्हणजे महिन्याला जेमतेम ९५ तासांचे पैसे. उरलेले ६५ तास कुठे जातात?

कोरी_चौकट
कर कापायच्या आधीचे. कंपनी विमा आणि निवृत्तीसाठी मिळून २०० वेगळे भरायची. ते कशाला हवंय? आणि ६५ तास कुठे जाणार, कामातच जातात!

अक्षरवेल
स्क्रीन कुठली वापरता? रंग नीट दिसत नसले की क्लायंट बदल सांगत बसतो आणि वेळ जातो. मी कॅलिब्रेशन करून घेतल्यापासून खूप फरक पडला.

मापट्या
@अक्षरवेल, विषय काय, आपण बोलताय काय!

हिशेबी
'कामातच' हे उत्तर नाही. एक आठवडा वही ठेवा. जे कराल ते लगेच लिहा, रात्री आठवून नको. आठवून लिहिलं की सगळं डिझाईनच्या रकान्यात जातं आणि फोन गायब होतात. उद्याच्या माणसाला तोवर आकडा देऊ नका, कामाचा तपशील मागवून घ्या.

कोरी_चौकट
आठवडा ठेवली. मंगळवारचं पान तसंच्या तसं देते:

९.३० ते १०.१५ नव्या माणसाशी फोन (काम मिळालं नाही)
१०.१५ ते १.०० कॅटलॉगची पानं
२.०० ते २.४० 'लोगो जरा मोठा करा', तिसऱ्यांदा
२.४० ते ३.३० थकलेल्या बिलासाठी मेल, फोन
३.३० ते ५.०० कोटेशन
५.०० ते ६.१५ पुन्हा कॅटलॉग

चार तासांचेच पैसे मिळणार! आठवड्याचे ४० तास असे: बिलात गेलेले २२, ठरल्यापेक्षा जास्तीचे बदल ५, फोन-मेल-मीटिंग ६, कोटेशनं ४, बिलं आणि वसुली २, फाइली-बॅकअप १.

हिशेबी
हेच हवं होतं. आता भागायचं ते या २२ ने.

वर्षाचे ५२ आठवडे. सणवार, सुट्टी, आजारपण मिळून सहा सोडा. नोकरीत या दिवसांचे पैसे मिळत होते, आता नाही. उरले ४६. ४६ गुणिले २२ म्हणजे १०१२ तास. वर्षभरात विकायला तुमच्याकडे एवढंच आहे.

दुसरी बाजू. पगार १२,०००. कंपनी भरत होती ते २,४००, कारण विमा आता तुम्हालाच भरायचाय. सॉफ्टवेअर, इंटरनेट, मशीनची झीज, हिशेब ठेवणाऱ्याची फी याला महिन्याला किती लागतात?

कोरी_चौकट
१५० धरा. मशीन चार वर्षं चालेल असं धरून.

हिशेबी
म्हणजे १,८००. एकूण १६,२००. भागिले १०१२, दर १६. तुम्ही लावत होता त्याच्या अडीच पट. आणि हा खालचा दर आहे बरं का, वर्षभर रोज काम हातात असेल असं धरून काढलेला. रिकामा महिना आला किंवा कुणी पैसे बुडवले तर यातूनच जातील.

मापट्या
माझा दुप्पटवालाही तसा जवळच होता की.

हिशेबी
अर्धा बरोबर होता. १२.५ ने १०१२ तासांचे १२,६५० होतात. पगार निघतो, पण विमा आणि मशीन खिशातून. हे पहिल्या वर्षी कळत नाही, मशीन बंद पडतं त्या दिवशी कळतं. तुमचं जमतं, कारण तुमचे विकले जाणारे तास बहुधा जास्त असतील. तो दुप्पटीचा नियम सगळ्यांना कसा लागेल?

शाईचा_डाग
एवढा हिशेब करून शेवटी क्लायंट म्हणणार, तास जास्त लागले. मी सांगतोय ना, ठोक रक्कम सांगा.

हिशेबी
सांगा ना ठोक! पण ती काढणार कशावरून? ३० तास लागतील असं वाटलं तर ४८० च्या खाली जायचं नाही हे तुम्हाला माहीत हवं. १६ क्लायंटला सांगायलाच हवा असं कुठे आहे? दोन तासांच्या लोगोला जास्त मिळत असतील तर आनंदाने घ्या.

शाईचा_डाग
तरी मी तास मोजणार नाही. तास मोजणारा माणूस तासच विकत बसतो.

अर्धविराम
मला त्या ५ तासांवर बोलायचंय, माझंही तिथेच गळत होतं. ताई, कोटेशनमध्ये बदलांच्या फेऱ्या किती लिहिता?

कोरी_चौकट
लिहित नाही. दोन-तीन होतातच, ते गृहीत असतं ना.

अर्धविराम
तुम्ही दोन-तीन गृहीत धरता, तो दहा. मी आता लिहिते: दोन फेऱ्या धरलेल्या आहेत, एका फेरीत सगळे बदल एकत्र द्यायचे, तिसरीपासून तासाप्रमाणे. फायदा असा की बरेच जण तिसरी मागतच नाहीत. आधी सकाळी एक बदल, दुपारी दुसरा, रात्री 'पहिलंच बरं होतं'.

हिशेबी
हे बिलात आलं तर आठवड्याचे २७ तास, वर्षाचे १२४२. मग १३ च्या थोडं वरही भागतं. आणि १६ च ठेवला तर ते २३० तास वर्षाला ३,६८० देतात. साडेतीन पगारांहून जास्त!

अर्धविराम
सगळे नाही हो येणार. माझ्याकडे त्यातले अर्धेच बिलात जातात. उरलेल्या अर्ध्यांत क्लायंट गप्प बसतो, ते तास मोकळे होतात, पण काम मिळालं तरच विकले जातात.

हिशेबी
मान्य. मग १६ खाली आणू नका.

कोरी_चौकट
बरं. पण जुने तीन क्लायंट ६.२५ वर आहेत. त्यांना एकदम १६ सांगू? पळून जातील.

मापट्या
हळूहळू वाढवा, दर सहा महिन्यांनी थोडे.

अर्धविराम
नको. चालू काम जुन्या दराने संपवा, पुढचं नव्या. माझे दोघे गेले, एक राहिला.

हिशेबी
यावर माझं ठाम मत नाही. तिघांपैकी एकावर निम्मी कमाई असेल तर त्याला शेवटी सांगा, एवढंच.

अक्षरवेल
स्क्रीनचं उत्तर राहिलंच.

कोरी_चौकट
नव्या माणसाला आज १६ च्या हिशेबाने ठोक रक्कम सांगितली, दोन फेऱ्याही लिहिल्या. पंचवीस मिनिटं बोलला आणि 'विचार करून कळवतो' म्हणाला. ही पंचवीस मिनिटं कुठल्या रकान्यात लिहू?

हिशेबी
कोटेशन.