हॉट फ्लॅशेस: पॅरोक्सेटीन घेऊ की नवीन फेझोलिनेटंटसाठी भांडू? मदत हवी आहे

पमी_जर्सी: वय ४९, न्यू जर्सी. रात्री घामाने गाउन बदलावा लागतो, मीटिंगमध्ये चेहरा लालबुंद. हार्मोन मला चालत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी फेझोलिनेटंट लिहून दिली तर इन्शुरन्सवाले म्हणतात आधी डिप्रेशनची स्वस्तातली गोळी पॅरोक्सेटीन ७.५ घेऊन बघा, नाही लागू पडली तर पुढचं पुढे. मला डिप्रेशन नाहीये! गोळी फार्मसीत तयार आहे, आज आणू का नको तेवढं पटकन सांगा.

नलूमावशी: अगं शतावरी कल्प घे दुधातून, मी तेवढ्यावरच काढलं. आमच्या वेळी कुठे होत्या या गोळ्या.

खवचट_खंडू: डिप्रेशनच्या गोळ्यांच्या नादी लागू नका, आयुष्यभर सुटत नाहीत. माझ्या मेव्हण्याची सुटली नाही अजून.

औषधवाली: मेव्हण्याला हॉट फ्लॅशेस येत होते का? ७.५ हा डिप्रेशनचा डोसच नाही, तो २० पासून पुढे असतो. हा छोटा डोस अमेरिकेत २०१३ पासून खास याच त्रासासाठी मंजूर आहे. पण पमी, हार्मोन का चालत नाहीत? आणि बाकी काय काय गोळ्या चालू आहेत? ते कळल्याशिवाय मी तरी हो म्हणणार नाही.

पमी_जर्सी: ब्रेस्टचं ऑपरेशन झालंय, टॅमोक्सिफेन चालू आहे. ते ऑन्कॉलॉजिस्ट बघतात, त्याचा इथे काय संबंध? बीपीची एक आहे.

औषधवाली: सगळा संबंध तिथेच आहे. पॅरोक्सेटीन आज आणू नकोस, आधी ऑन्कॉलॉजिस्टना फोन कर. टॅमोक्सिफेनचं लिव्हरमध्ये एंडॉक्सिफेन होतं आणि कॅन्सर परत येऊ नये म्हणून मुख्य काम तेच करतं. ते बनवणारं एन्झाइम म्हणजे सीवायपी२डी६, आणि पॅरोक्सेटीन नेमकं तेच अडवते. डोस छोटा असला तरी कंपनीच्या माहितीपत्रकातच ही सूचना आहे. तुला वरून काही जाणवणार नाही, फ्लॅशेस कमी होतील, छान वाटेल, आणि आत टॅमोक्सिफेन कमी पडत असेल. नलूमावशी, शतावरीसुद्धा इथे त्यांना विचारल्याशिवाय नको.

खवचट_खंडू: बघा! म्हणजे या सगळ्याच गोळ्या वाईट.

औषधवाली: सगळ्या नाहीत हो. फ्लुऑक्सेटीन पॅरोक्सेटीनसारखीच अडवते, पण व्हेनलाफॅक्सिन त्या एन्झाइमला फारसा धक्का लावत नाही, म्हणून टॅमोक्सिफेनवाल्या बायकांना बरेचदा तीच देतात. ३७.५ ने सुरू करून ७५ पर्यंत नेतात. सुरुवातीला मळमळतं, बीपी चढू शकतं, म्हणून पमीने घरी बीपी मोजायला हवं. आणि सोडताना हळूहळू कमी करायची, एकदम बंद केली की चक्कर येते. तेवढ्यापुरतं तुमच्या मेव्हण्याचं खरं.

सुलभा_एडिसन: मी फेझोलिनेटंटवर आहे, ४५ ची रोज एक. माझा तर आठवड्याभरातच फरक पडला, मैत्रिणीला काही उपयोग नाही. रक्त काढून काढून जीव गेला मात्र. आणि कोणी सांगेल का, एसी ६८ वर ठेवला की नवरा स्वेटर घालून बसतो, त्याचं काय करायचं?

खवचट_खंडू: घटस्फोट. पण मुळात ही गोळी म्हणजे हार्मोनच ना, नाव बदलून?

औषधवाली: नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतल्या काही पेशी न्यूरोकायनिन-बी चा मारा करतात आणि शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र उगाच 'गरम झालं' समजून घाम काढतं. ही गोळी तो निरोप एनके-३ रिसेप्टरवर थांबवते. डिप्रेशनच्या गोळ्या सेरोटोनिनकडून आडवळणाने जातात. सुलभाताई, रक्त तपासणी टाळू नका. २०२४ च्या डिसेंबरमध्ये लिव्हरसाठी सगळ्यात कडक इशारा लागलाय. सुरू करण्याआधी, मग पहिले ३ महिने दर महिन्याला, नंतर ६व्या आणि ९व्या महिन्यात. लघवी गडद, अंगाला खाज, डोळे पिवळे यातलं काहीही दिसलं तर गोळी बंद करून लगेच फोन. लघवीच्या इन्फेक्शनला सिप्रोफ्लॉक्सासिन दिली तरी ती हिच्याबरोबर चालत नाही.

पमी_जर्सी: मग मला फेझोलिनेटंटच द्या की!

औषधवाली: तिच्या मोठ्या चाचण्यांत कॅन्सर झालेल्या बायका घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे तुझ्याबाबतीत पुरावा तोकडा आहे. एलिन्झानेटंट ही दुसरी नवीन गोळी एनके-१ आणि एनके-३ दोन्ही अडवते, तिची ओॲसिस-४ चाचणी टॅमोक्सिफेनसारख्या गोळ्या घेणाऱ्या बायकांवरच झाली आणि फ्लॅशेस कमी झाले. अमेरिकेत २०२५ च्या ऑक्टोबरात मंजूर झाली. झोपताना घ्यायची कारण गुंगी येते. पण व्हेनलाफॅक्सिनशी थेट तुलना त्या चाचणीत नव्हती, प्लासिबोशी होती. इन्शुरन्सला डॉक्टरांकडून लेखी पाठव की पॅरोक्सेटीन टॅमोक्सिफेनमुळे देता येत नाही. 'मला डिप्रेशन नाही' याने ते हलणार नाहीत, याने हलतील.

नलूमावशी: शतावरी नको तर गुलकंद चालेल का?

पमी_जर्सी: ऑन्कॉलॉजिस्टच्या नर्सशी बोलले, पॅरोक्सेटीन नकोच म्हणाली. पण इन्शुरन्सवाले आता म्हणतात मग व्हेनलाफॅक्सिन आधी घेऊन बघा!! कोणी हे लढलंय का?

सुलभा_एडिसन: बीपीचे आकडे लिहून ठेव रोजचे, अपीलात तेच लागतील.