पंपाच्या गणितात ६० किलोचा पेशंट घेऊ नका

"उत्तर तर बरोबर येतं, पण मधे एखादी स्टेप सुटली तर कळणार कसं?"

सिरिंज पंपाचा रेट काढला की त्यावरून परत डोसचं उलटं गणित करून. पण त्यात पेशंट ६० किलोचा घेऊ नका, कारण तासाची मिनिटंही ६०च, मग कुठला ६० राहिला ते कळतच नाही (पुस्तकवाल्यांना हे वजन का आवडतं देव जाणे). ५२ किलो घ्या. डोपामिन ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, सिरिंजमधे एकूण ५० मिलीत २०० मिग्रॅ, म्हणजे १ मिलीत ४ मिग्रॅ. ५ × ५२ = २६० मायक्रोग्रॅम मिनिटाला, × ६० = १५६०० तासाला, भागिले १००० म्हणजे १५.६ मिग्रॅ, त्याला ४ ने भागलं की पंपाचा रेट ३.९ मिली प्रति तास.

आता उलटं: ३.९ × ४००० = १५६००, भागिले ६०, भागिले ५२, आले ५. हजाराने भागायचं राहिलं तर ३९०० मिली येतं, ५० मिलीच्या सिरिंजमधून, ते लगेच दिसतं. मिनिटांचा ६० राहिला तर मात्र ०.०६५ येतं आणि छोटा आकडा म्हणून कोणाला खटकत नाही, पण त्या रेटने सिरिंज महिनाभर पुरेल!