गाण्यात जे म्हटलंच नाही: तुमचे अनुभव

कृष्णाकाठची
काल लाईट गेली आणि शेजारी मोबाईलवर 'केव्हातरी पहाटे' लागलं. सुरेश भटांची गझल, आशाबाईंचा आवाज. एकदम आत्या आठवली. सांगलीच्या घरी पहाटे पाणी भरताना ती हेच गुणगुणायची. लग्नानंतर दीड वर्षात माहेरी परत आलेली. का, ते कधी बोलली नाही. कुणी विचारलं तर एवढंच, "संसार सुटला." काल 'सुटली मिठी जराशी' ऐकताना अंगावर काटा आला. 'सोडली' नाही, 'सुटली'. सोडायला कुणीतरी लागतं. अख्ख्या गझलेत 'तू' एकदाही नाही. जे केलं ते रात्रीनं: उलटून गेली, निसटून गेली, फसवून गेली. तुम्हालाही असं न म्हटलेलं कधी ऐकू आलंय का? लिहा.

कराडचे अण्णा
विरहगीत आहे हो. नवरा सोडून गेल्यावर बाईनं म्हटलेलं. सरळ आहे.

वाईचे मास्तर
अण्णा, बाई कशावरून? मराठीत 'मी गेलो', 'मी गेले' म्हटलं की लगेच कळतं. इथं 'कळले मला', 'सांगू तरी कसे मी', 'स्मरल्या मला'. बोलणारा बाई की पुरुष, एकही क्रियापद सांगत नाही. आवाज आशाबाईंचा म्हणून आपण बाई धरतो. आणि सोडून गेल्याचं तरी कुठंय? मिठी जराशी सुटली, रात्र गेली, बस्स. माणूस अजून शेजारीच झोपलाय असं धरून ऐका, तरी सगळं लागू पडतं. वर्गात मी 'सुटली'च्या जागी 'सोडलीस' घालून वाचायला लावायचो. वृत्त मोडायचंच, पण मुलांना आधी जाणवायचं ते हे की आता भांडण सुरू झालं.

साताऱ्याची सून
भाकरी तव्यावर आहे, पटकन लिहिते. सासूबाई अजून मामंजींचं नाव घेत नाहीत, "घरात" म्हणतात. ते जाऊन चार वर्षं झाली, तरी सकाळी चहाला दोन कपांचं पाणी ठेवतात. हे चालेल ना इथं?

कृष्णाकाठची
ताई, हेच तर हवं होतं.

मिरजकर
आशाबाईंचं बालपण सांगलीतलंच ना? घर कुठल्या भागात होतं, कुणी सांगेल?

कराडचे अण्णा
मास्तर, परत ऐकलं. 'फसवून' आहे की! हा आरोपच झाला.

वाईचे मास्तर
आहे खरा, पण तोही रात्रीच्या माथी. त्या माणसावर एक शब्द नाही. आता हा मोठेपणा की भीती, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

साताऱ्याची सून
भीती वाटते मला. भाकरी करपली एक.

कृष्णाकाठची
मास्तर, आत्या 'सांगू तरी कसे मी'पर्यंत यायची आणि थांबायची. पुढची ओळ तिच्या तोंडून मी कधीच ऐकली नाही. नुसता नळाचा आवाज यायचा, हंडा भरेपर्यंत.