टेललाइट पेटते, ब्रेकलाइट नाही: तुम्ही दोष कुठे शोधलात?

वेसावकर

मंडळी, पावसाळा संपता संपता आमच्या सोसायटीतल्या स्कूटरींची काही ना काही लाइट गेलेली असते. हा धागा मात्र एकाच दुखण्यासाठी काढतोय: टेललाइट नीट पेटते, पण ब्रेक दाबल्यावर उजेड वाढत नाही. तुमच्या गाडीला असं झालं असेल तर कुठून शोधायला सुरुवात केलीत आणि शेवटी काय निघालं, ते लिहा. गॅरेजवाल्याने काय बदललं, एवढंच सांगू नका. दोष तिथेच आहे हे कसं कळलं, तेही सांगा.

माझं दुखणं अजून चालू आहे. गाडी ११० सीसीची, रात्रभर खाडीच्या वाऱ्यात उभी. दोन्हीपैकी कुठलाही ब्रेक दाबला तरी ब्रेकलाइट लागत नाही. हॉर्न आणि इंडिकेटर ठणठणीत. बल्ब नवा टाकला, तरी तेच. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला, तर ब्रेक दाबल्यावर १२.४ व्होल्ट दाखवतो. व्होल्टेज आहे, बल्ब नवा आहे, मग पेटत का नाही? जेव्हीएलआरच्या उतारावर मागे डंपर असला की ब्रेक दाबायचीच भीती वाटते.

भांडुपचा बंड्या

ब्रेक स्विच. डोळे झाकून बदला. माझ्या गाडीला तेच निघालं होतं. लिव्हरच्या बुडाशी छोटा काळा स्विच असतो, एका स्क्रूवर बसतो. नवा लावला की झालं.

गॅरेजकाका

बंड्या, तुझ्या गाडीला ते बरोबर होतं, पण यांच्या गाडीत व्होल्टेज होल्डरपर्यंत पोचतंय. म्हणजे स्विच निदान जोडतोय तरी. वेसावकर, आधी हे सांगा, मीटर लावला तेव्हा बल्ब बाहेर होता ना? मग त्या १२.४ वर विसंबू नका. मीटर जवळजवळ करंट खातच नाही. तुमचा ब्रेकचा फिलामेंट २१ वॉटचा, त्याला पावणेदोन अँपिअर लागतात. थेंबथेंब गळणाऱ्या नळाखालीही पेला भरतो, म्हणून बादलीला धार मिळेल असं नाही. वायरच्या जोडात गंज असला तर मीटरला १२ दिसतात आणि बल्ब लावला की व्होल्टेज कोसळतं.

आता असं करा. बल्ब होल्डरमध्येच ठेवा. डावा लिव्हर रबरबँडने बांधून ठेवा, चावी चालू, इंजिन बंद. सीटखाली किंवा मागच्या पॅनलमध्ये टेललाइटकडे जाणारा कपलर असतो, तो न सोडवता त्याच्या मागच्या बाजूने वायरच्या कडेने टाचणी आत सरकवा आणि मीटर लावा. मीटरची काळी पिन थेट बॅटरीच्या मायनसला. कपलरच्या अलीकडे किती आणि पलीकडे किती, दोन्ही आकडे लिहा. टाचणी शेजारच्या पिनला किंवा बॉडीला टेकू देऊ नका, फ्यूज जाईल.

माहीमची_मुक्ता

काकांनी लिव्हर बांधायला सांगितलं ते फार कामाचं आहे. मी एकटीच गाडी तपासते तेव्हा तसंच करते. रात्री पार्किंगमध्ये गाडीची पाठ भिंतीकडे केली की ब्रेक दाबल्यावर भिंतीवरचा लाल उजेड वाढतो की नाही ते सीटवरूनच दिसतं.

माझ्या गाडीला होल्डरचा त्रास होता. खड्ड्यात गाडी आदळली की ब्रेकलाइट यायची, पुन्हा जायची. बल्ब काढून बघितलं तर बुडाच्या दोन टिकल्यांपैकी एक घासून सपाट झाली होती, आणि होल्डरमधला त्याच बाजूचा पितळी कॉन्टॅक्ट आत रुतून बसला होता. खाली स्प्रिंग असते, ती गंजून वर ढकलतच नव्हती. नुसता पॉलिश पेपर मारला तर थोडे दिवस चाललं. शेवटी होल्डरच बदलला.

बल्ब बघताना त्याच्या पिना बघा. दोन फिलामेंटच्या बल्बला बाजूच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली असते. तो एकाच बाजूने बसतो. जोर लावून उलटा बसवला तर टेलच्या जागी ब्रेकचा फिलामेंट लागतो. मग मागे कायम भगभगीत उजेड राहतो आणि ब्रेक दाबल्यावर फरक कळत नाही.

सायनचा_सदा

माझा प्रश्न उलटा आहे. ब्रेकलाइट कायम चालूच राहते! चावी फिरवली की लगेच. इथे विचारलं तर चालेल ना?

गॅरेजकाका

सदा, हरकत नाही, दुखणं त्याच स्विचचं आहे. बहुतेक स्कूटरींत लिव्हर मोकळा असताना तो स्विचची दांडी आत दाबून धरतो आणि लाइट बंद राहते. ब्रेक ओढला की दांडी सुटते आणि आत कॉन्टॅक्ट जुळतो. मागच्या ब्रेकची केबल सैल पडली असेल तर लिव्हर पूर्ण परत येत नाही, दांडी अर्धवट सुटलेली राहते. डावा लिव्हर बोटाने बाहेर ढकलून बघा. लाइट विझली तर केबल आवळा. नाही विझली तर उजव्याचंही तसंच करून बघा. त्यानेही नाही विझली तर स्विच आत अडकलाय.

भांडुपचा बंड्या

काका, एक शंका. दोन्ही स्विच एकत्रच येऊन टेललाइटला जातात ना? मग दोन्ही ब्रेकनी लाइट लागत नाही म्हणजे स्विच ठीकच, असं मानायचं का?

गॅरेजकाका

अर्धं बरोबर. एका लिव्हरने लागते आणि दुसऱ्याने नाही, तर दुसऱ्याचा स्विच किंवा त्याची वायर, यात वादच नाही. दोन्हीने लागत नाही तेव्हा संशय पुढच्या सामायिक भागावर जातो, पण स्विच लगेच सुटत नाहीत. माझ्याकडे आलेल्या गाड्यांत नेहमीचा प्रकार असा: पुढचा स्विच कधीतरी मेलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण लोक दोन्ही ब्रेक एकदम दाबतात आणि मागच्याने लाइट लागत राहते. मग एक दिवस मागचाही जातो. म्हणून स्विचच्या दोन्ही वायरी काढून वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडून बघायच्या. लाइट लागली तर स्विच मेला. नाही लागली तर तो तपासून झाला असंही नाही, फक्त पुढे शोधायला लागायचं.

वेसावकर

काका, आकडे घेतले. बल्ब होल्डरमध्ये, डावा लिव्हर बांधलेला.

बॅटरीवर १२.३. डाव्या स्विचच्या बाहेर जाणाऱ्या वायरवर १२. सीटखालच्या कपलरच्या पुढच्या बाजूला ११.८. कपलरच्या मागच्या बाजूला ३.१! बल्बची काच हाताने झाकून बघितली तर तारेत जेमतेम लालसर रेघ दिसते, दिवसा ती कळतच नाही.

अर्थिंगही बघितलं. लाल पिन होल्डरच्या पत्र्याला, काळी बॅटरीच्या मायनसला, ब्रेक दाबून: ०.१.

गॅरेजकाका

मग दुसरीकडे बघायची गरजच नाही. त्या एका जोडात जवळपास ९ व्होल्ट मरतायत. थोडा वेळ लाइट चालू ठेवून कपलरला बोट लावा, गरम लागेल. उघडण्याआधी बॅटरीचा मायनस काढा.

वेसावकर

उघडला. ब्रेकच्या पिनवर हिरवी पूड, आणि त्या पिनभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन थोडं वितळलेलं. शेजारची टेलची पिन मात्र साफ. म्हणून टेल पेटत होती!

माहीमची_मुक्ता

टेलचा फिलामेंट ५ वॉटचा, त्याला अर्ध्या अँपिअरहूनही कमी लागतो. त्यामुळे टेलची पिन थोडी खराब झाली तरी ती लवकर कळत नाही. टेल पेटते म्हणून सगळी वायरिंग चांगली, असं धरू नका.

परळ_लालबाग

माझा अनुभव वेगळा. ब्रेक दाबला की टेललाइटच मंद व्हायची. दोन गॅरेजवाल्यांनी बल्ब बदलला. शेवटी एका वायरमनने होल्डरपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक वायर हाताने धरली आणि लाइट कडक लागली. अर्थिंगचा बोल्ट चेसीवर रंगाखाली गंजला होता. हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली होती, त्यानंतर हे सुरू झालं.

एक विचारतो. एलईडी बल्ब टाकला की हे सगळं सुटतं म्हणतात, खरं का? तो करंट कमी खातो ना.

गॅरेजकाका

पेटतो, म्हणूनच मी टाकू देत नाही. खराब जोडातूनही त्याला पुरेसा करंट मिळतो, त्यामुळे गंज तसाच वाढत राहतो आणि वर्षभराने सगळं एकदम बंद पडतं. शिवाय स्वस्त एलईडीत टेल आणि ब्रेकच्या उजेडात फारसा फरक नसतो. मागच्याला तुम्ही थांबताय हे कळायला तो फरकच लागतो.

मुलुंड_ईस्ट

याच्याशी मी सहमत नाही. जोड आधी साफ करून मग चांगला एलईडी टाकला तर काय बिघडतं? माझ्या गाडीत बरीच वर्षं चालतोय आणि फरकही स्पष्ट दिसतो.

गॅरेजकाका

जोड साफ करून टाकलात तर माझं काही म्हणणं नाही. लोक साफ न करता टाकतात.

वेसावकर

आता दुरुस्तीचं विचारतो. पिन पॉलिश पेपरने घासून परत बसवू, की कापून टाकू?

गॅरेजकाका

प्लॅस्टिक वितळलंय म्हणजे पिनची पकड गेली, घासून उपयोग नाही. दोन्ही बाजूंची वायर कापा आणि आतला तांब्याचा रंग बघा. काळपट निघाला तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत अजून मागे कापत जा. खारा ओलावा इन्सुलेशनच्या आत बराच लांब शिरतो. वायर आखूड पडली तर त्याच जाडीचा तुकडा जोडा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर रिकामे कपलर आणि पिना सुट्ट्या मिळतात. जुना कपलर घेऊन जा, मापाला मापच लागतं. होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थिंगची आणि हिरवी-पिवळी ब्रेकची असते. दुसऱ्या कंपनीत रंग वेगळे, तिथे रंगावर जाऊ नका, मीटरने खात्री करा.

मुलुंड_ईस्ट

कपलर काढून थेट सोल्डर करून टाका. जोडच नाही तर गंजणार काय?

माहीमची_मुक्ता

सोल्डर केलेली वायर त्या जागी कडक होते आणि थरथरीने सोल्डरच्या कडेलाच तुटते, हे मी माझ्याच गाडीत बघितलंय. मी दाबून बसवायच्या पिना वापरते, वरून श्रिंक ट्यूब.

गॅरेजकाका

दोन्ही टिकतात, जर वायर बांधून ठेवली आणि लोंबकळू दिली नाही तर. मला कपलर बरा वाटतो, मागचं पॅनल उघडायचं झालं तर कापाकापी नको. बसवण्याआधी पिनांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, आणि गाडी धुताना तिथे प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

सायनचा_सदा

काका, डावी केबल आवळली आणि लाइट विझली! पण आता ब्रेक धरायला लागल्यावरच लागते. निम्मा ब्रेक लागल्यावर मागे लाइट, हे चालेल का?

गॅरेजकाका

नाही चालणार. ब्रेक धरायला लागण्याआधी लाइट लागायला हवी. केबल अर्धा-अर्धा फेरा परत सैल करत जा, ब्रेक धरण्याआधी लाइट लागेल आणि लिव्हर सोडल्यावर विझेल अशी जागा सापडेल. नाही सापडली तर ब्रेकशू किती उरलेत ते बघून घ्या.

वेसावकर

नवा कपलर बसवला. मागच्या बाजूला आता ११.६, आणि भिंतीवर उजेड चांगला वाढतो. उजव्या लिव्हरने मात्र अजूनही लागत नाही. काका म्हणाले तसा पुढचा स्विच आधीच गेलेला दिसतोय. हँडलवरचं कव्हर उघडून दोन वायरी जोडून बघतो आणि इथेच लिहितो.