टेबलावरच्या क्यूआर कोडचा आकार

«खानावळीत अभिप्रायासाठी गूगल फॉर्मचा क्यूआर टेबलावर ठेवलाय. माझ्या फोनवर लगेच उघडतो, पण काही गिऱ्हाइकांच्या फोनवर उघडतच नाही. केवढा छापू?»

आकार वाढवण्याआधी लिंक छोटी करा. फॉर्मची पूर्ण लिंक साधारण १०० अक्षरांची असते, तिचा कोड मध्यम दुरुस्ती-पातळीवर, म्हणजे थोडा भाग खराब झाला तरी वाचता येईल अशा बेताने, ४१×४१ चौकटींचा होतो. फॉर्मची लिंक कॉपी करताना Shorten URL निवडलं की forms.gle ची लिंक मिळते आणि तोच कोड २९×२९ वर येतो. म्हणजे ३ सेंटिमीटरच्या कोडात एक चौकट ०.७ मिलिमीटरऐवजी जवळपास १ मिलिमीटरची होते. जुन्या कॅमेऱ्याला हा फरक फार मोठा असतो.

आकारासाठी आमचा अंदाज असा, की फोन जितका लांब धरणार त्याचा दहावा भाग. टेबलावर ३० सेंटिमीटरला ३ पुरे, पण दीड मीटरवरून वाचायचा भिंतीवरचा कोड १५ चा हवा. चारही बाजूंना चार चौकटींइतकी पांढरी जागा सोडाच. आमच्या छपाईवाल्याने शोभेसाठी कडेला चिकटून लाल किनार टाकली होती, सगळे कार्ड वाया गेले!

तपासणी छापील कार्डावरच करा, तेही लॅमिनेशन झाल्यावर आणि रात्रीच्या दिव्याखाली, कारण चकाकीनेच निम्मे फोन अडतात. कॅमेऱ्याने नाही घेतला तर गूगल लेन्सने पाहा. कोड वाचला जातोय, पण पुढे साइन-इन मागतोय, तर दोष छपाईचा नाही. फॉर्मच्या सेटिंगमधलं Limit to 1 response बंद करा.