मदत हवी आहे: हेल्मेटच्या व्हायझरच्या दोन थरांमध्ये वाफ धरते

रोज पहाटे बाईकवरून ताम्हिणी घाट उतरतो. वाफ धरू नये म्हणून व्हायझरला दिलेला साबणाचा पातळ हात पावसात अर्धा तासही टिकेना, म्हणून व्हायझरला आतून दोन पिनांवर बसणारी अँटी-फॉग शीट लावली. समोर आता स्वच्छ दिसतं, पण डाव्या कोपऱ्यात शीट आणि व्हायझरच्या मधे वाफ धरते. म्हणजे सिलिकॉनची कड तिथे नीट चिकटत नसणार. पिना फिरवून ताण वाढवता येतो, पण किती फिरवायच्या? जास्त ताणली तर शीट वाकेल अशी भीती वाटते.

दुसरं, चिखल उडाला तेव्हा ग्लोव्हनेच पुसलं आणि बारीक चरे पडले. रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्यांवर फुटतो. व्हायझर बदलावाच लागेल का? पाणी जवळ नसताना चिखल तुम्ही कसा काढता?